लिफ्टमधल्या पाठी

धाकटीने तिच्या आईला विचारलं म्हणे, आपल्या बिल्डिंगमधली माणसं लिफ्टमध्ये शिरली की दाराकडे तोंड करून गप्प का होतात, आणि मी हसले तरी कुणी माझ्याकडे का बघत नाही. आईने सांगितलं, आजीला विचार. हा प्रश्न सात समुद्रांपलीकडून नांदेडला आला याचं मला बरं वाटलं, कारण याचं उत्तर मला अलीकडेच मिळालं आहे. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून जे समजलं नव्हतं, ते मला तुमच्या मोठ्या आजीच्या गुडघ्याने समजावलं. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. दोघांनी मिळून वाचा, अडेल तिथे आईला विचारा.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते, ती मला मास्तरीण म्हणते; कधी प्रेमाने, बहुतेक वेळा टोचून. ती जळकोटजवळच्या आपल्या गावात राहते. घरापासून शेत वीस मिनिटांच्या वाटेवर आहे आणि लग्न होऊन आल्यापासून ती रोज सकाळी तिथे चालत जात आली आहे. उजवा गुडघा झिजला आणि ते बंद झालं. मागच्या हिवाळ्यात लातूरच्या एका दवाखान्यात तिचा गुडघा बदलला. घरी सोडताना डॉक्टरांनी तिच्यासमोरच मला बजावलं की ऑपरेशन हे अर्धंच काम आहे. पुढचे सहा आठवडे रोज व्यायाम करून गुडघा काटकोनाच्या बराच पुढे वाकायला हवा. तो काळ वाया गेला तर आतलं मांस आवळून बसतं आणि मग पाय आहे तसा आखडलेला राहतो.

गावात व्यायाम करून घेणारं कुणी नाही, म्हणून मी तिला नांदेडला आणलं. तिला दुसरं काही नको होतं. ती म्हणायची, पोरांनी मला गाडीवर बसवून माझं शेत दाखवू नये, एवढं झालं की बस.

आमचं घर सहाव्या मजल्यावर, व्यायामाचं क्लिनिक समोरच्या रस्त्यापलीकडे. रोज दहाला तिथे जायचं. तिथे धरून चालायचे दोन दांडे होते, पायाने फिरवायचं चाक होतं, आणि कोन मोजायची एक पट्टी हातात घेऊन फिरणारी एक हसरी मुलगी होती. पहिल्या दिवशी पट्टीवर साठ आले.

आता लिफ्ट. आमची लिफ्ट सहा माणसांची आहे. मागच्या भिंतीला आरसा, दाराच्या वर लाल आकडे, बाजूला बटणं. पहिल्या दिवशी आत तिघं आधीच होते. अक्का आत गेली आणि जशी गेली तशीच उभी राहिली. त्या तिघांकडे तोंड, दाराकडे पाठ. तिच्या दृष्टीने दुसरी रीतच नव्हती. चार माणसं समोर असताना त्यांना पाठ दाखवून उभं राहणं म्हणजे उद्धटपणा, आणि समोरासमोर येऊन न बोलणं म्हणजे भांडण. तिने एकेकाला विचारायला सुरुवात केली. कुठं निघालात, जेवण झालं का, मूळ गाव कोणतं. सातव्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ फक्त "हं" म्हणाले आणि आकड्यांकडे बघत राहिले. कॉलेजची एक मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. लिफ्टमध्ये रेंज येत नाही हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. खाली पोचल्यावर अक्काच्या पाठीमागचं दार उघडलं, तिला ते दिसलंच नाही, आणि वळता वळता तिची काठी दाराच्या खाचेत अडकली. मी धरलं म्हणून सावरली.

दुसऱ्या दिवशी मी तिला आत नेऊन आरशाजवळच्या कोपऱ्यात उभं केलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. त्या दिवशी चौथ्या मजल्यावरून एक बाई हातात तपासणीची मोठी फाइल घेऊन आत आली. अक्काने मागूनच विचारलं, काय झालं बाई, घरात कुणाचं दुखणं हाय? लिफ्टमध्ये एकाला विचारलेलं सगळ्यांना ऐकू जातं. त्या बाईचे कान लाल झाले. आणि मी, शिकलेली, नीटनेटकी, वेळेवर वागणारी तुमची आजी, काय करून बसले? मी त्या बाईला म्हणाले, "सॉरी, त्या गावाकडच्या आहेत." मग अक्काकडे वळून हळूच म्हणाले, लिफ्टमध्ये बोलायचं नसतं. उरलेले चार मजले कुणी बोललं नाही. अक्कासमोर चार पाठी होत्या, माझी धरून.

चौथ्या दिवशी अक्का उठलीच नाही. पाय दुखून राहिलाय म्हणाली. पाचव्या दिवशीही तेच. क्लिनिकमधल्या मुलीचा फोन आला की आदल्या वेळी सत्तर आले होते, खाडा करू नका, नाहीतर मिळवलेलं परत जाईल. मी तिला घरी बोलावते म्हटलं, तर अक्का नको म्हणाली. सहाव्या दिवशी सकाळी बघते तर तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

"पोराला फोन लाव," ती म्हणाली. "मला गावाकडं जायचंय."

मी गुडघ्याचं बोलले, डॉक्टरांचं बोलले, बऱ्याच वेळाने थांबले. मग ती बोलली.

"तुमच्या बिल्डिंगीनं मला वाळीत टाकलंय, मास्तरीण. मी लहान न्हाई. पाठी ओळखता येतात मला."

तेव्हा तिने जे सांगितलं ते चाळीस वर्षं जावा म्हणून नांदूनही मला माहीत नव्हतं. ती नऊ वर्षांची असताना तिच्या वडिलांचं बांधावरून भावकीशी भांडण झालं, आणि सगळ्या भावकीने त्यांच्या घराशी बोलणं टाकलं. कुणी शिवी दिली नाही, कुणी अंगावर आलं नाही. ही मुलगी घागर घेऊन आडावर गेली की तिथे चाललेल्या गप्पा थांबायच्या आणि बायका एकेक करून पाठ फिरवायच्या. दोन उन्हाळे ते चाललं. ती म्हणाली, तोंडं इसरले मी त्यांची, पाठी न्हाई इसरले.

हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, पिशवीचे बंद चाचपत होती. मला तिला सांगायचं होतं की लिफ्टचं तसं नसतं, पण तसं नसतं म्हणजे नक्की कसं असतं, हे माझ्या तोंडून येईना. मी स्वतः वर्षानुवर्षं दाराकडे तोंड करून उभी राहत होते आणि का, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

मी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली. आज संध्याकाळी तासभर माझ्याबरोबर खाली गेटजवळच्या बाकावर बस, मग मी फोन लावते. लिफ्टला ती नाही म्हणाली. मी म्हटलं, साडेचारला लिफ्ट रिकामी असते, कुणाची पाठ दिसणार नाही. कशीबशी तयार झाली.

बाकावर बसून दहा मिनिटं झाली नसतील, तोच सातव्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ स्कूटर लावून आले. सरळ निघून जातील असं मला वाटलं. ते थांबले आणि अक्काला म्हणाले, "मावशी, काठी डाव्या हातात घ्या की. परवा उजव्या हातात होती. दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची असती, माझ्या आईचं झालंय ना." मग ते उमरीचे आहेत, आईही तिथेच असते, तिला आता जिनाही चढता येतो, हे सगळं सांगून झालं. अक्का माझ्याकडे बघायला लागली. लिफ्टमध्ये ज्या माणसाने मान वळवली नव्हती, त्याला काठी कोणत्या हातात होती ते ठाऊक होतं.

कॉलेजची मुलगी आली. मोबाइल खिशात टाकून म्हणाली, आजी, तीन दिवस दिसल्या नाहीत, बरं नव्हतं का? मग चौथ्या मजल्यावरची बाई आली. मी अवघडून उठून उभी राहिले. पण ती अक्काजवळ बसली आणि स्वतःहून सांगायला लागली. फाइल सासऱ्यांची होती. पोटात गाठ निघाली होती, रिपोर्ट त्या दिवशी मिळायचा होता. "तेव्हा मलाच माहीत नव्हतं काय निघणार ते," ती म्हणाली. "चार लोकांत काय सांगू, आणि खाली पोचेपर्यंत किती सांगू?" गाठ साधी निघाली होती. अक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दोघी अंधार पडायच्या बेतापर्यंत बोलत बसल्या आणि मला मध्ये कुणी घेतलं नाही.

वर जाताना लिफ्टमध्ये आमच्याशिवाय तिघं होते, त्यात ती चौथ्या मजल्यावरचीही होती. आत शिरताच तिने अक्काकडे एक क्षण पाहिलं, मान किंचित हलवली आणि दाराकडे वळली. खाली एवढं बोललेली बाई, आत एक अक्षर नाही. अक्का आरशाजवळ उभी राहून सगळ्यांकडे बघत होती, पण पहिल्या दिवसासारखी नाही. शिवणाचा टाका कुठून आला ते शोधावं तशी.

घरात आल्यावर ती पाणी प्यायली आणि हसायला लागली.

"हे तर टमरेलासारखं हाय," ती म्हणाली.

मुलांनो, टमरेल म्हणजे पत्र्याचा डबा. पूर्वी गावात घरोघरी संडास नव्हते. माणसं पहाटे पाण्याचं टमरेल घेऊन रानाकडे जायची. वाटेत कुणी टमरेलवाला भेटला तर एक नियम असायचा, तो कुणी शिकवायचं नाही, पण सगळ्यांना यायचा. तो सख्खा भाऊ असो की सरपंच, त्याला राम राम घालायचा नाही, कुठं निघालात विचारायचं नाही. कोण आहे तेवढं ओळखायचं आणि नजर दुसरीकडे न्यायची. बायका रस्त्याकडेला बसलेल्या असताना बैलगाडी आली की गाडीवान मान फिरवायचा आणि बायका उठून पाठ करून उभ्या राहायच्या. त्यात भांडण नव्हतं. ज्याला त्या वेळी लपता येत नाही, त्याला न बघणाऱ्यांनी आडोसा द्यायचा.

"त्यांनी माझा आब राखला," अक्का म्हणाली. मग हसू थांबवून माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तू न्हाई राखलास. सॉरी कोणाला म्हणालीस तू? त्यांना. माझ्याबद्दल. एवढं इंग्रजी मला बी येतं."

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, पिशवी आत ठेव, लोकांच्या पायात येऊन राहिली.

त्या रात्री मी पहिल्यांदा या गोष्टीचा पद्धतशीर विचार केला, आणि पुढचे काही दिवस लिफ्टमध्ये मुद्दाम लक्ष ठेवलं. जे दिसलं ते धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आपल्या प्रत्येकाभोवती हातभर मोकळी जागा असते. तिच्या आत आपण आईला येऊ देतो, मैत्रिणीला येऊ देतो. अनोळखी माणूस बोलायला थांबला तर हात लांब केल्यावर पोचेल इतक्या अंतरावर थांबतो. लिफ्टमध्ये ते अंतर ठेवायला जागाच नसते. अंग जवळ आलेलं असतं आणि मागे सरकता येत नाही, म्हणून जे मागे घेता येईल ते माणूस मागे घेतो: नजर, आवाज, हातांची हालचाल. इतक्या जवळून डोळ्यांत बघणं फक्त दोनच वेळा होतं, फार प्रेमात किंवा फार रागात. म्हणून आकड्यांकडे बघायचं, बुटांकडे बघायचं, रेंज नसलेल्या मोबाइलकडे बघायचं.

जागाही आपोआप वाटून घेतल्या जातात. एकटा माणूस मध्ये उभा असतो. दुसरा आला की पहिला बटणांजवळ सरकतो आणि दुसरा त्याच्या तिरक्या कोपऱ्यात जातो, म्हणजे दोघांत जास्तीत जास्त अंतर पडेल. तिसरा आणि चौथा उरलेले कोपरे घेतात. पाचव्याला मध्ये उभं राहावं लागतं आणि तो अंग चोरून उभा राहतो. दाराकडे तोंड यासाठी की बाहेर पडायची वाट तिथे आहे आणि आपला मजला आला का ते वर दिसतं. पण आणखी एक सोय त्यात आहे. सगळे एकाच दिशेला वळले की कुणाची नजर कुणाला भिडत नाही. बोलणं थांबतं, कारण दोघांचं बोलणं सगळ्यांना ऐकावं लागतं, आणि अर्ध्या मिनिटात कुठलीच गोष्ट सांगून संपत नाही. आधीपासून बोलत आलेल्या मैत्रिणीसुद्धा आत आल्या की कुजबुजतात.

या सगळ्याआधी एक छोटीशी गोष्ट होते, ती धाकटीने पाहिली नसावी. आत येणारा आधी क्षणभर बघतो. तेवढ्यात तो सांगून टाकतो की मी तुला पाहिलं, तू आहेस, मला तुझी भीती नाही आणि मला तुझ्याकडून काही नको. मग नजर काढून घेतो. तो क्षणही दिला नाही, तर ते खरं वाळीत टाकणं. धाकटीने त्या क्षणात हसावं, हसू पोचतं. ते परत आलं नाही तरी पोचलेलं असतं.

मी हे अक्काला सांगितलं तर म्हणाली, एवढं मोठं लेक्चर, मी एका टमरेलात सांगितलं की.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही परत दहाला जायला लागलो. तीन दिवसांच्या खाड्याने पट्टी सत्तरवरून पासष्टवर आली होती. ते परत मिळवायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत तिने दात आवळून जे सोसलं त्याचा हिशेब माझ्याकडे आहे. तिने मात्र तो कधी मागितला नाही.

एका दुपारी परत येताना लिफ्ट रिकामी होती. अक्का म्हणाली, मास्तरीण, आज आपण उलटं उभं राहू. साठीपुढच्या आम्ही दोन बायका आरशाकडे तोंड करून उभ्या राहिलो. पहिल्या मजल्यावर एक जाडजूड तरुण आत आला. त्याने दाराकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, परत दाराकडे बघितलं, आणि हळूहळू वळून तोही आरशाकडे तोंड करून उभा राहिला. आता आरशात तिघांचे डोळे एकमेकांना दिसायला लागले, तेव्हा त्याने मान खाली घातली. तिसऱ्या मजल्यावर दार मागे उघडलं आणि तो जवळजवळ उडी मारून बाहेर गेला. दार बंद होईपर्यंत अक्का गंभीर होती. मग काठी भिंतीला टेकवून पोट धरून हसली. माणूस दाराकडे बघत न्हाई, दुसरे कुठं बघतात ते बघतो, ती म्हणाली. मला वाटतं यात तथ्य आहे.

सहा आठवड्यांनी आम्ही लातूरला दाखवायला गेलो. त्या दवाखान्याची लिफ्ट स्ट्रेचर जाईल एवढी लांब आहे आणि तिला दोन दारं आहेत. खाली समोरून शिरायचं, वर मागच्या बाजूने निघायचं. आत आलेले नवे लोक सवयीने वळले आणि ज्या दाराने आले त्याकडे तोंड करून उभे राहिले. एकटी नर्स वळली नाही, ती समोरच्या बंद पत्र्याकडे बघत उभी राहिली. अक्काने तिला पाहिलं आणि तीही तशीच उभी राहिली. तिच्यासमोर, त्या बंद दाराला पाठ लावून, पटका बांधलेले एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांकडे तोंड करून उभे होते. त्यांनी हात जोडून राम राम म्हटलं. कुणी ओ दिली नाही. त्यांचा चेहरा उतरताना मला दिसला.

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि काठीचं टोक उचलून त्यांच्या मागचं दार दाखवलं. ते वळले. थोड्याच वेळात दार त्यांच्यासमोर उघडलं आणि ते नीट चालत बाहेर पडले. बाहेरच्या बाकावर अक्का त्यांच्याशेजारी बसली आणि गाव, भावकी, दुखणं, पीकपाणी, सगळं विचारून घेतलं. आमचा नंबर दोनदा पुकारावा लागला.

डॉक्टरांनी पट्टी लावली. एकशे पंधरा. त्यांनी तिला चालायला लावलं, वळायला लावलं, आणि म्हणाले, आता शेताला जा, फक्त खाली बसून खुरपू नका.

आता ती गावी आहे. सकाळी शेताकडे जाता जाता मला फोन करते, कारण चालताना बोललं की दम किती लागतो ते कळतं, असं तिचं म्हणणं. परवाच सांगत होती की तूर यंदा चांगली धरली आहे, आणि एकदम मध्येच गप्प झाली. फोन चालू होता, तिच्या चपलांचा आवाज येत होता, काठीचा येत नव्हता. गावात आता घरोघरी संडास आहेत, पण दोन-तीन म्हातारे अजून सवयीने टमरेल घेऊन रानाकडे जातात. मीही इकडे गप्प राहिले. वीसेक पावलं झाली असतील.

"हाव," ती म्हणाली, "तर तुरीचं सांगत होते मी."